सेवा केंद्र, मीटर रीडिंग की वीजतंत्री? पांढरकवड्याकडच्या एका घराचा दहा वर्षांचा हिशेब

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-घाटंजीच्या पट्ट्यातलं हे गाव. कापूस, तूर, सोयाबीन, आणि विहिरीला पाणी असलं तर थोडा गहू-हरभरा. घरात आईवडील, दोन मुलं आणि थोरली सून. शेती सहा एकर, त्यातली दोन ओलिताची. थोरला त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. बी.ए. झालेला, आयटीआयचा एक वर्षाचा संगणकाचा ट्रेडही केलेला. चार वर्षांपासून बसस्टँडजवळ सेवा केंद्र चालवत होता. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, सातबारा, पॅन, शिष्यवृत्तीचे अर्ज, अंगठा लावून पैसे काढणं, लाइट बिल, असं सगळं. बायको बारावी झालेली, मराठी टायपिंगला नवऱ्यापेक्षा चांगली. दुपारची ती दुकानात बसायची.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर तालुक्याच्या अभ्यासिकेत मुलांना ट्रेड निवडायला मदत करतो. २०२३ च्या जुलैत हे बापलेक माझ्याकडे आले. माणसांची नावं आणि गाव इथे देत नाही. मिळकतीचे आकडे त्यांच्या वहीतले आहेत, फक्त गोल केलेले.

प्रश्न

थोरल्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. येत्या दहा वर्षांत संगणकासमोर बसणाऱ्यांची कामं जाणार, हातापायाची कामं राहणार, असं त्यात सांगितलं होतं. त्याच आठवड्यात वीजबिलाच्या कामाचा एक ठेकेदार गावात मीटर रीडर शोधत आला. महिन्याला बारा-तेरा हजार, स्वतःची गाडी हवी. थोरल्याला दोन्ही गोष्टी एकमेकीला जुळल्यासारख्या वाटल्या. केंद्र बायकोवर सोपवावं आणि आपण मीटर रीडिंगला जावं, असं त्याच्या मनात आलं. मावसभाऊ आधीच त्या कामाला लागला होता.

वडिलांना हे पटत नव्हतं. "सर, दुकान चालून रायलं ना चांगलं! एवढे पैसे त कधीच नाही आले, अन् हा म्हणते बंद करतो."

त्यांचं बरोबर होतं. खरीप २०२३ पासून महाराष्ट्रात पीक विमा शेतकऱ्याला एका रुपयात झाला, बाकीचा हप्ता सरकारने उचलला. शेतकऱ्याकडून जास्त पैसे घ्यायचे नाहीत आणि प्रत्येक अर्जामागे केंद्राला विमा कंपनीकडून चाळीस रुपये, असा नियम होता. राज्यातून दीड कोटीहून जास्त अर्ज गेले. या केंद्राबाहेर सकाळी सातपासून रांग लागत होती. म्हणजे काम जाईल का, हे ठरवायची वेळ नेमकी त्या कामाच्या सर्वांत भरभराटीच्या महिन्यात आली होती.

मोजणी

'अमुक नोकरी जाणार' अशा याद्यांवर माझा फार विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या संशोधकांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय तपासून सांगितलं की ४७ टक्के रोजगार मोठ्या धोक्यात आहे. तीनच वर्षांनी ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी केलेल्या अभ्यासात तोच आकडा ९ टक्क्यांवर आला. एवढा फरक पडला, कारण पहिल्यांनी अख्खा व्यवसाय एकगठ्ठा मोजला होता, तर दुसऱ्यांनी त्या व्यवसायातली माणसं प्रत्यक्षात दिवसभर काय काय करतात ते पाहिलं. एकाच नावाच्या नोकरीत दहा वेगळी कामं असतात. त्यातली चार यंत्राला जमतात, सहा जमत नाहीत.

म्हणून थोरल्याला म्हटलं, आधी तुझं काम फोडून मांड. विम्याचे दिवस धरू नकोस, मागच्या फेब्रुवारी ते एप्रिलची वही काढ. दोन संध्याकाळी बसून हा तक्ता झाला.

| काम | आठवड्याचे तास | महिन्याची निव्वळ मिळकत |
|---|---|---|
| अर्ज भरणं, कागद अपलोड करणं | २० | ७,२०० |
| झेरॉक्स, स्कॅन, प्रिंट | ९ | २,३०० |
| चुका शोधणं, नावं जुळवणं, कोणता कागद लागेल ते सांगणं | ११ | ६०० |
| अंगठ्यावर पैसे, बिलं, रिचार्ज | ८ | ३,४०० |
| तहसीलला जाऊन अडलेला अर्ज सोडवणं | ६ | १,००० |

पुढची पायरी म्हणजे प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारायचा: येत्या तीन-चार वर्षांत हे काम यंत्राच्या मदतीने, किंवा गिऱ्हाईक स्वतः, आजच्या निम्म्या वेळात करू शकेल का? ही 'निम्म्या वेळाची' कसोटी माझी नाही. मार्च २०२३ मध्ये ओपनएआय आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपांचा कामांवर होणारा परिणाम मोजायला ती वापरली होती. ती वापरायला सोपी आहे, कारण 'यंत्र हे करू शकेल का' या प्रश्नावर माणूस वाद घालत बसतो, पण 'वेळ निम्मा होईल का' याला बहुतेकदा सरळ उत्तर मिळतं.

अर्ज भरण्याला उत्तर होतं हो. आधारवरून नाव-पत्ता आपोआप भरला जातो, डिजिलॉकरमधून कागद येतो, सही केलेला सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. अर्ज कागदाविना झाला की झेरॉक्स आणि स्कॅनही जाणार. अंगठ्यावर पैसे काढण्याचं निम्मं धरलं. तरुण गिऱ्हाईक फोनवरून पैसे देतं, पण श्रावणबाळ आणि निराधारच्या पैशासाठी येणारी म्हातारी माणसं येत राहतात. चुका शोधणं आणि तहसीलच्या फेऱ्या मात्र तशाच राहतात. आधारवर पूर्ण नाव, सातबाऱ्यावर घरातलं हाकेचं नाव, बँकेत आडनावाचं स्पेलिंग वेगळं. आता कुठलं नाव कुठे आणि आधी कोणत्या कार्यालयात दुरुस्त करायचं, हे समोर बसलेल्या माणसाची कहाणी ऐकल्याशिवाय कळत नाही.

तासांनी मोजलं तर ५४ पैकी ३३ तासांचं काम या धोक्यात, म्हणजे उघड्यावर होतं, साधारण ६१ टक्के. इथे बहुतेक जण थांबतात. थोरला तर खूश झाला, कारण उरलेल्या कामात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पण तिसऱ्या रकान्याकडे पाहिलं तर १४,५०० पैकी ११,२०० रुपये उघड्यावरच्या कामातून येत होते. म्हणजे ७७ टक्के. तास आणि पैसा यांत एवढी तफावत का, तर सरकारी सेवेचा दर अर्जाला बांधलेला आहे आणि दरपत्रक दुकानात लावावं लागतं. चूक शोधून देण्याचा दर त्यात नाही, आणि वरून घेतला तर तो नियमभंग. टिकाऊ कामाला कायदेशीर किंमतच नव्हती. 'आपण सल्ल्याचे पैसे घेऊ' ही वाट म्हणून बंद होती. पॅन दुरुस्ती, खाजगी अर्ज लिहून देणं अशा थोड्या कामांपुरतीच ती उघडी होती.

एसटीडी बूथवाल्यांचं काय झालं ते या पिढीने ऐकलं असेल. बूथवाल्याची जागा कोणत्याही यंत्राने घेतली नाही, गिऱ्हाइकाच्याच खिशात फोन आला. सेवा केंद्राचा धोका त्याच जातीचा आहे.

पर्याय

पहिला पर्याय मीटर रीडिंगचा. उन्हातान्हात फिरायचं, कुत्री चुकवायची, कुलूपबंद घराबाहेर थांबायचं. हे यंत्र कसं करेल, असं कोणालाही वाटावं. पण तक्ता मांडला तर त्यात पैसे मिळवून देणारी एकच ओळ निघते: मीटरवरचा आकडा कार्यालयात पोहोचवणं. फिरणं हा त्या आकड्यापर्यंत पोहोचण्याचा फक्त खर्च आहे. स्मार्ट मीटर तो आकडा स्वतः पाठवतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वीज वितरणाच्या सुधारणेची जी योजना मंजूर केली, तिच्यात घरगुती आणि व्यापारी ग्राहकांचे मीटर बदलणं हा मुख्य भाग होता. शेतीपंप त्यातून वगळलेले होते.

दुसरी गोष्ट पडझड कशी येईल याची. सेवा केंद्राचं काम झिजत जाईल, दर वर्षी थोडं थोडं. मीटर रीडरचं तसं नाही. गल्लीतले मीटर बदलले की त्या महिन्यापासून ती गल्ली संपली, मागे करायला काहीच उरत नाही. शिवाय मीटर बदलण्याचा फायदा वीज कंपनीला, खर्चाचा निर्णयही तिचाच. रीडरला किंवा ग्राहकाला विचारायचं कारण नाही. फायदा आणि निर्णय एकाच हातात असले की बदल लवकर होतो. दाखल्यांच्या बाबतीत तसं नाही. तिथे तहसील, भूमी अभिलेख, बँक असे चार जण चार दिशांना असतात, त्यामुळे वर्षं जातात.

'हातापायाचं काम सुरक्षित' हा नियम इथे मोडतो. आणि जिथे तो मोडत नाही तिथेही एक गोची आहे. कापूस वेचणी पाहा. बोंडं एका वेळी फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या होतात, वावर लहान, ओळी यंत्राच्या मापाच्या नाहीत. आमच्याकडे ते काम दहा वर्षं हातानेच होत राहील असं मला वाटतं. पण त्याची मजुरी किलोवर मिळते, आणि ती घेण्यासाठी कोणी आपल्या मुलाला शिकवत नाही. म्हणून टिकेल का याच्या जोडीला, टिकलं तर पोट भरेल का, हाही प्रश्न विचारावा लागतो.

दुसरा पर्याय जिनिंगमध्ये दिवाणजीचा. टॅली येत असलं की हंगामात जागा मिळते. तिथे दोन गोष्टी आड आल्या. वजनकाट्यावरची नोंद आता थेट बिलात जाते, त्यामुळे ज्या जिनिंगमध्ये चार जण लिहायला बसायचे तिथे दोघांत भागतं. आणि काम दिवाळीपासून फार तर मार्चपर्यंत. यावर आम्ही जास्त वेळ घालवला नाही.

तिसरा सरळसेवा भरतीचा. वडिलांचा ओढा तिकडे होता. लागलेल्या माणसाची सरकारी नोकरी यंत्रामुळे जात नाही, हे खरं आहे. पण तिथे धक्का बसतो तो दारात उभ्या असलेल्याला. काम कमी झालं की कोणाला काढत नाहीत, रिकामी झालेली जागा भरत नाहीत. त्या वर्षीच्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले. थोरल्याने दोन परीक्षा आधी दिलेल्या होत्या. तिसरी द्यावी, पण तिच्यावर घर उभं करू नये, एवढंच मी म्हणालो.

चौथा पर्याय आयटीआयचा वीजतंत्री ट्रेड. माझाच ट्रेड असल्याने मी त्याची बाजू घेईन हे उघड होतं, म्हणून याचा तक्ता मी केला नाही. गावाजवळच्या बाजारपेठेत पंधरा वर्षं काम करणाऱ्या एका वायरमनकडे त्याला पाठवलं आणि तुझ्यासारखाच त्याचा आठवडा लिहून आण असं सांगितलं. त्याने आणलं ते असं: निम्म्याहून जास्त वेळ शेतात आणि घरात बिघाड शोधण्यात, मग नवीन घरांचं वायरिंग, मोटार वाइंडिंग, स्टार्टर दुरुस्ती, आणि थोडं सौर पंपाचं काम.

यातल्या बिघाड शोधण्याला निम्म्या वेळाची कसोटी लावली तर ती लागत नाही. प्रत्येक विहिरीची रचना वेगळी, केबल कुठे उंदराने कुरतडलेली, कुठे रानडुकराने उपसलेली, पेटीत मुंग्या, जोड कोणी तरी प्लास्टिकच्या पिशवीने बांधलेला. अनोळखी, अस्ताव्यस्त जागी डोळे आणि हात एकत्र वापरणं ही यंत्रांची अडचण फ्रे-ऑस्बोर्ननेही मुख्य अडथळ्यांत धरली होती. दुसरं, सहीचं काम. नवीन जोडणीसाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. त्या सहीमागे जबाबदारी असते, आणि जबाबदारी घ्यायला माणूस लागतो.

धोका दुसरीकडे होता. प्रत्येक आयटीआयमधून दर वर्षी वीजतंत्री बाहेर पडतात. स्पर्धा यंत्राशी नाही, त्यांच्याशी. मात्र त्यातले बरेच जण बुटीबोरी, चाकण, वाळूजला निघून जातात. गावात राहून काम करणारे थोडे.

निर्णय

निर्णय एकदम झाला नाही. पहिला अडसर वयाचा वाटला, पण आयटीआयला वयाची वरची अट आड आली नाही. दहावीला विज्ञान-गणित होतं. दुसरा अडसर दोन वर्षांच्या मिळकतीचा होता, आणि तो खरा होता. सौर तंत्रज्ञाचा एक वर्षाचा ट्रेडही समोर होता, थोरल्याला तोच बरा वाटत होता. वर्ष वाचतं आणि सौरचं वारं वाहत होतं.

इथे मी अडून बसलो. सौर पंपाच्या कामाचे दोन भाग आहेत, बसवणं आणि सांभाळणं. बसवण्याचं काम योजनेबरोबर येतं आणि योजनेबरोबर जातं. सांभाळण्याचं काम पंप शेतात आहे तोवर राहतं. पण सरकारी योजनेतल्या पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते, तेवढा काळ ते काम कंपनीच्या माणसाकडे. म्हणजे खुल्या बाजारात हे काम आज नाही, पाच वर्षांनी येणार. मधली वर्षं काढायला घरचं वायरिंग, शेतातले बिघाड, साध्या मोटारी हे सगळं हातात हवं. वीजतंत्री सौरचं काम वरून शिकू शकतो. उलटं करायला गेलं तर परवान्यापाशी अडतं.

सुनेने एक गोष्ट मांडली जी आमच्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती. केंद्र बंद करायचं कारणच नव्हतं. झिजणारं काम झिजेपर्यंत पैसे देतं. तीन-चार वर्षांत ते निम्म्यावर येणार असेल तर नेमकी तीच वर्षं शिकण्याचा खर्च भागवायला उपयोगी आहेत. ती दिवसभर बसेल, थोरला संध्याकाळी तहसीलची आणि अडलेली कामं पाहील. मात्र नवीन संगणक, मोठं झेरॉक्स मशीन, गाळ्याची दुरुस्ती यावर एक रुपया घालायचा नाही. विम्याच्या पैशातून वडिलांना नेमकं झेरॉक्स मशीन घ्यायचं होतं. तो वाद घरात आठवडाभर चालला, आणि सुनेचं खरं झालं.

काय केलं

ऑगस्ट २०२३ मध्ये थोरल्याचा शासकीय आयटीआयला वीजतंत्रीला प्रवेश झाला. विम्याचे पैसे बाजूला ठेवले, त्यातून दोन वर्षांचा जाण्यायेण्याचा आणि हत्यारांचा खर्च निघाला. मेगर आणि क्लॅम्प मीटर त्याने पहिल्याच वर्षी घेतलं. रविवारी तो त्याच वायरमनबरोबर फिरला. पहिले सहा महिने बिनपैशाने, नंतर दिवसाचे दोनशे.

दर सहा महिन्यांनी केंद्राचा तक्ता पुन्हा भरायचा असं ठरलं होतं. दोनदा भरला, नंतर राहून गेला.

परिणाम

२०२४ मध्ये राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरून पंप. यामुळे गावोगाव पॅनल दिसू लागले. योजना येईल हे आमच्या हिशेबात नव्हतं, तो नशिबाचा भाग आहे. थोरला शेवटच्या वर्षाला असतानाच एका सेवा ठेकेदाराने त्याला फेरीवर बोलवायला सुरुवात केली. २०२५ मध्ये ट्रेड पूर्ण झाल्यावर तो तेच काम, घरांचं वायरिंग आणि शेतातले बिघाड असं मिळून करतो. मिळकत केंद्राच्या साध्या महिन्यांपेक्षा जास्त आहे, पण ऊन-पावसाप्रमाणे हलते. मे महिन्यात चांगली, सोयाबीन काढणीच्या दिवसांत कोणाला पंपाची आठवण नसते.

केंद्राची मिळकत २०२५ च्या खरिपात जोरात खाली आली, पण कारण वेगळंच निघालं. एक रुपयाचा विमा बंद झाला. शेतकऱ्याला पुन्हा हप्ता भरावा लागला, सोयाबीन-तुरीसारख्या खरिपाच्या पिकांना दोन टक्के, कापसाला पाच, आणि अर्ज एकदम घटले. वडील म्हणाले, "तू म्हणे तसंच झालं, कम्प्युटरनं काम खाल्लं." कम्प्युटरने खाल्लं नव्हतं, धोरणाने दिलं होतं आणि धोरणानेच काढून घेतलं. हा फरक ठेवायला हवा, कारण उपाय वेगळे आहेत. यंत्रामुळे गेलेलं काम परत येत नाही. धोरणाने गेलेलं पुढच्या निवडणुकीत परत येऊ शकतं, आणि म्हणूनच त्यावर दहा वर्षांचा बेत बांधता येत नाही.

याच काळात शेतकरी ओळख क्रमांकाची मोहीम सुरू झाली आणि चुका शोधण्याचं काम तक्त्यातल्या अकरा तासांच्या कितीतरी पुढे गेलं. नाव जुळत नाही म्हणून माणसं तीन-तीनदा येत. नवीन यंत्रणा आली की तिच्याभोवती गोंधळ निस्तरण्याचं काम वाढतं, हे तक्त्यात दिसलं होतं. पैसा त्याला फारसा नाही, हेही दिसलं होतं. सुनेने खाजगी अर्जलेखन आणि बचत गटांचे हिशेब घ्यायला सुरुवात केली आहे. गटांचा हिशेब हे तसं कारकुनी कामच, पण बायकांचा विश्वास आणि घरोघरी जाणं त्यात आहे.

मीटरच्या बाबतीत २०२४ च्या उन्हाळ्यात राज्यभर विरोध झाला आणि सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही असं सरकारने जाहीर केलं. मावसभावाला वाटलं, वाचलो. पण बिल आधी भरा की नंतर, नवा मीटर आकडा स्वतःच पाठवतो. पुढे तसे मीटर तालुक्याच्या गावात बसू लागले आणि त्याचा मार्ग निम्म्यावर आला. सध्या तो मीटर बसवणाऱ्या ठेकेदाराकडे आहे, आणि सगळे बसून झाले की पुढे काय, हे त्याला माहीत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वायरमनच्या कामाच्या तक्त्यात वाइंडिंगला टिकाऊ म्हणून चांगले गुण पडले होते, आणि तिथे अंदाज फसला. हाताचं काम, कसबाचं काम, म्हणून ते आपोआप वर गेलं. सौरच्या डीसी पंपांच्या बऱ्याच मोटारी बाजारातल्या वाइंडरकडे येतच नाहीत, आणि कंट्रोलर बिघडला तर अख्खा बदलतात. शिवाय अनेक पंपांत सिमकार्ड असतं, बिघाडाचा संकेत कंपनीच्या कार्यालयात आधी पोहोचतो. म्हणजे बिघाड ओळखण्याचा काही भागही उघड्यावर आहे. जाऊन बदलणं तेवढं उरतं. 'हे काम यंत्र करेल का' याच्या जोडीला 'ज्या वस्तूवर हे काम होतं ती वस्तूच बदलेल का' हा प्रश्न तक्त्यात हवा होता. वाइंडरच्या दुकानात तासभर बसून, मागच्या वर्षी किती मोटारी आल्या आणि कोणत्या, एवढं विचारलं असतं तरी ते कळलं असतं.

मोजणी फेब्रुवारी ते एप्रिलची धरली, हे विम्याच्या भुरळीपासून वाचायला ठीक होतं. पण जूनमधला शाळा-कॉलेज प्रवेशाचा हंगाम त्यात आला नाही, त्यामुळे अर्जांचा वाटा थोडा कमीच दिसला असणार. वर्षातले दोन वेगळे महिने घेतले असते तर आकडा जास्त खरा निघाला असता. निर्णय बदलला असता असं मात्र वाटत नाही.

परवान्याचं काम लांबलं. ट्रेड पूर्ण झाल्याबरोबर तारतंत्री परवान्याचा अर्ज करायचा होता, तो फेऱ्यांच्या गडबडीत मागे पडला. तोवर सहीच्या कामासाठी त्याला दुसऱ्याच्या नावावर अवलंबून राहावं लागतं आणि त्या कामातला मोठा वाटा तिकडे जातो. टिकाऊपणाचं जे मुख्य कारण आम्ही मांडलं होतं, तेच हातात यायला सर्वांत उशीर होतोय.

सध्या त्याने एक वही केली आहे. फेरीवर गेलेल्या प्रत्येक पंपाची बसवल्याची तारीख, अश्वशक्ती, कंट्रोलरची कंपनी. आधीच्या योजनेतले काही पंप २०२७ पासून हमीबाहेर पडतील, २०२४ नंतरचे मोठ्या संख्येने २०२९ पासून. त्यासाठी दोन-तीन प्रकारचे कंट्रोलर दुकानात ठेवावे लागतील आणि त्यात बरीच रक्कम अडकेल. वडील आता त्याला तयार आहेत. सून म्हणते, आधी २०२७ च्या पंपांतले खरोखर किती बिघडतात ते एक वर्ष मोजू या.